घरच्या लग्नासाठी मुलांची रजा: मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लगीनसराई सुरू झाली की वर्गशिक्षकांच्या टेबलावर रजेच्या चिठ्ठ्या जमू लागतात. त्यांतल्या बऱ्याचशा चिठ्ठ्यांवरून मूल नक्की कोणते दिवस येणार नाही, हेच कळत नाही. वर्गशिक्षिका म्हणून अशा चिठ्ठ्या मी वर्षानुवर्षं घेतल्या, पुढे पाठवल्या आणि फाइलला लावल्या. पालक नेहमी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे देते. बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकणारी मुलगी आहे. तिच्या मामाचं लग्न शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६ रोजी नागपूरला आहे. आदल्या दिवशी हळद, लग्नानंतर शनिवारी घरी सत्यनारायण आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत.

दोन-तीन दिवसांसाठी मुख्याध्यापकांना अर्ज द्यावाच लागतो का? डायरीत लिहून चालत नाही?

बहुतेक शाळांत एका दिवसाची गैरहजेरी डायरीतल्या नोंदीवर भागते. डायरीत त्यासाठी वेगळं पान असतं: तारीख, कारण, पालकांची सही, शिक्षकांची सही. दिवस वाढले, किंवा मूल गावाबाहेर जाणार असलं, की स्वतंत्र कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज मागतात. किती दिवसांपासून हा नियम लागू होतो ते शाळेगणिक बदलतं. डायरीच्या पहिल्या काही पानांवर नियम छापलेले असतात, ते एकदा वाचून घ्या.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे असला तरी तो द्यायचा वर्गशिक्षकांकडेच. हजेरीपट त्यांच्या हातात असतो, चाचण्यांच्या तारखा त्यांना माहीत असतात, आणि मुख्याध्यापकही कागद हातात आल्यावर पहिल्यांदा त्यांनाच विचारतात, "या काळात वर्गाचं काही महत्त्वाचं आहे का?" म्हणून मुख्याध्यापकांच्या पत्त्याखाली ‘वर्गशिक्षिका, इयत्ता ६ वी ब यांच्यामार्फत’ अशी ओळ टाकली तर कागद योग्य वाटेनं जातो.

अर्ज किती दिवस आधी द्यावा?

लेखी अर्ज आठ-पंधरा दिवस आधी पुरे. वर्गशिक्षकांशी तोंडी बोलणं मात्र त्याच्या खूप आधी, तिकीट काढण्यापूर्वी झालेलं बरं.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. आपल्या उदाहरणात १८ फेब्रुवारीच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच काढावं लागेल, कारण लगीनसराईत पुणे–नागपूर गाड्या लवकर भरतात. तेव्हा फेब्रुवारीतल्या चाचणीचं वेळापत्रक वर्गात लागलेलंही नसतं. पुढे जानेवारीच्या शेवटी ते लागतं, आणि हातात तिकीट असलेले पालक अर्जात लिहितात, "तिकीट काढून झालं आहे, कृपया रजा द्यावी." हे वाक्य मुख्याध्यापकांना आवडत नाही. विचारण्याआधीच ठरवून टाकलं, असा त्याचा अर्थ होतो.

त्यापेक्षा डिसेंबरात शाळा सुटताना दोन मिनिटं थांबून विचारा, "बाई, वीस फेब्रुवारीच्या आसपास काही चाचणी, सहल, स्नेहसंमेलन आहे का?" अंदाज त्यांना असतोच. बऱ्याच शाळा जूनमध्येच वार्षिक नियोजन छापून देतात, तेही एकदा पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमची शाळा बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असेल, तर खालच्या वर्गांच्या वेळा बदलतात. कधी दुपारची शाळा सकाळची होते, कधी एखाद्या दिवशी सुट्टीच मिळते. हे आधी कळलं तर रजेचा एखादा दिवस वाचूही शकतो.

रजेचे दिवस कसे मोजायचे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून उदाहरण पूर्ण मांडते.

प्रवास १८ फेब्रुवारीच्या रात्री सुरू होतो आणि २३ ला सकाळी संपतो. पालक सवयीनं लिहितात, ‘दि. १८ ते २३ फेब्रुवारी रजा मिळावी’. वाचणाऱ्याला हे सहा दिवस दिसतात. प्रत्यक्षात बुधवारी, १८ ला मुलगी शाळेत येणार आहे, कारण गाडी रात्रीची आहे. गुरुवार १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी आहे. शुक्रवार २० ला लग्न, तो रजेचा पहिला दिवस. शनिवार २१ ला शाळा भरत असेल तर तो दुसरा. रविवार २२ सुट्टीचा. सोमवारी, २३ ला गाडी सकाळी पोहोचणार, म्हणून तो तिसरा. मंगळवारी, २४ ला मुलगी वर्गात हजर.

म्हणजे मागायची रजा शाळेच्या तीन दिवसांची. ‘सहा दिवस’ आणि ‘तीन दिवस’ यांत मुख्याध्यापकांच्या दृष्टीनं खूप अंतर आहे. अर्जात हे तीन दिवस वारासहित लिहा आणि हजर होण्याची तारीख वेगळी लिहा.

शिवजयंतीबद्दल एक सूचना. अभ्यासाला सुट्टी असली तरी बऱ्याच शाळांत त्या दिवशी सकाळी कार्यक्रम असतो. तुमची मुलगी पोवाड्यात किंवा लेझीम पथकात असेल, तर ती दिसली नाही म्हणून शोधाशोध होते. अशा वेळी १९ तारखेचा उल्लेखही अर्जात हवा, आणि ज्यांनी कार्यक्रम बसवला आहे त्या शिक्षकांना वेगळं सांगायला हवं, म्हणजे तिच्या जागी दुसरं मूल उभं करता येईल.

परतीचा दिवस मागावा का? सकाळी गाडी पोहोचली तर थेट शाळेत पाठवता येईल ना?

मागावा, असंच माझं मत आहे. रात्रभराच्या प्रवासानंतर, त्याआधी चार दिवस लग्नघरातल्या जागरणानंतर, सहावीतलं मूल वर्गात बसतं पण दुसऱ्या तासाला डुलक्या घेऊ लागतं. गाडी उशिरा आली तर तो दिवस अर्जाशिवाय बुडतो. एक दिवस जास्त मागून त्या दिवशी मूल लवकर आलं तर कुणाची हरकत नसते. एक दिवस कमी मागून मूल आलं नाही, तर वर्गशिक्षकांना फोन करावा लागतो.

प्रत्यक्ष अर्ज कसा लिहायचा? नमुना द्याल का?

आपल्या उदाहरणाप्रमाणे पूर्ण अर्ज असा होईल. रिकाम्या जागी आपली माहिती घाला.

> दि. २ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> ____________ विद्यालय, पुणे.
>
> (वर्गशिक्षिका, इयत्ता ६ वी ब यांच्यामार्फत)
>
> विषय: कौटुंबिक विवाहासाठी तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.
>
> महोदया,
>
> माझी मुलगी कु. ____________ ही आपल्या शाळेत इयत्ता ६ वी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. तिचा हजेरी क्रमांक ____ आहे.
>
> तिच्या सख्ख्या मामांचा विवाह शुक्रवार, दि. २० फेब्रुवारी २०२६ रोजी नागपूर येथे आहे. त्यासाठी आम्ही सहकुटुंब नागपूरला जात आहोत. तरी शुक्रवार दि. २०, शनिवार दि. २१ आणि सोमवार दि. २३ फेब्रुवारी या तीन दिवसांची रजा तिला मंजूर करावी, ही विनंती. ती मंगळवार, दि. २४ फेब्रुवारी रोजी शाळेत हजर राहील.
>
> या काळात वर्गात झालेला अभ्यास ती रविवार, दि. १ मार्चपर्यंत पूर्ण करेल, याची जबाबदारी मी घेते. या दिवसांत एखादी तोंडी परीक्षा किंवा प्रात्यक्षिक असल्यास कृपया कळवावे, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे फेरबदल करू.
>
> कळावे.
>
> आपली विश्वासू,
> (सही)
> ____________ (आई)
> संपर्क: ____________

एवढंच पुरे. अर्ज एका पानाच्या वर गेला की त्यात नको त्या गोष्टी शिरल्या आहेत असं समजा.

‘सविनय सादर’, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं लिहिलं नाही तर चालतं का?

चालतं. ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ आणि शेवटी ‘कळावे’ एवढ्यानं मान राखला जातो. ‘स. न. वि. वि.’ नातेवाइकांच्या पत्रात शोभतं, शाळेच्या अर्जात त्याची गरज नाही. पत्ता डावीकडे की उजवीकडे, यावरून मुलांचे परीक्षेत गुण कापले जात असतील, पालकांच्या अर्जाला कुणी गुण देत नाही. मुख्याध्यापकांचा आणि शाळेचा उल्लेख बरोबर असला, मुख्याध्यापिकेला ‘महोदय’ लिहिलं गेलं नाही, म्हणजे झालं.

भाषेचं म्हणाल तर शाळेच्या माध्यमाची भाषा वापरावी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीतून दिलेला अर्जही महाराष्ट्रात सहसा कुणी नाकारत नाही.

कारण ‘घरगुती’ किंवा ‘अपरिहार्य’ लिहिलं तर? लग्न म्हटलं की रजा मिळत नाही, असं ऐकलंय.

‘घरगुती कारणास्तव’ लिहिलेला अर्ज आला की वर्गशिक्षक मुलालाच विचारतात, "काय रे, कुठे चाललास?" आणि मूल आनंदानं सांगतं, "मामाच्या लग्नाला!" मग लपवलं का, हा प्रश्न उरतोच. लग्न हे लाजण्यासारखं कारण नाही. नातं स्पष्ट लिहा: सख्खे मामा, सख्खी आत्या, चुलत बहीण. सख्ख्या नात्यातलं लग्न असेल तर मुख्याध्यापकांचा कल बहुधा होकाराकडे असतो. दूरच्या नात्यातल्या लग्नाला चार दिवसांची रजा मागितली, तर ते एक-दोन दिवसांवर आणतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आजारपणाचं कारण लिहिणारेही असतात. ते करू नका, मी अगदी आग्रहानं सांगते. आजारपण तीन दिवसांचं लिहिलं की शाळा डॉक्टरांचा दाखला मागू शकते. त्याहून मोठी अडचण मुलीची होते. ती मंगळवारी वर्गात येते तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी असते, तळव्यावर गडद तपकिरी आणि नखांवर केशरी. शेजारची मैत्रीण विचारते, "कुणाचं लग्न होतं?" बाई जवळच उभ्या असतात. त्या क्षणी अकरा वर्षांच्या मुलीनं काय बोलायचं? आईचं खोटं सांभाळायचं ओझं तिच्यावर येतं. तिला त्या जागी उभं करू नये.

मेंदीचा विषय निघाला म्हणून: शाळेत मेंदी चालत नाही. अर्जात लिहावं का?

ज्या शाळांत मेंदी, नेलपॉलिश किंवा बांगड्यांना मनाई आहे, तिथे अर्जात वेगळी ओळ नको. मंगळवारी डायरीत एक ओळ लिहून पाठवा: ‘मामाच्या लग्नातली मेंदी आहे, आठ-दहा दिवसांत निघेल, कृपया समजून घ्यावे.’ सकाळी गेटवर अडवलं तर मुलीला डायरी दाखवता येते. बांगड्या आणि नेलपॉलिश मात्र घरीच काढून पाठवा.

लग्नपत्रिका जोडावी लागते का?

सक्ती क्वचित असते. पत्रिका छापून झाली असेल तर छायाप्रत जोडायला हरकत नाही, त्यामुळे तारीख आणि गाव वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पत्रिकेवर दोन्ही घरांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, ते झाकून प्रत काढा. छापील पत्रिका आली नसेल तर तिची वाट बघत अर्ज लांबवू नका.

सही कुणाची? मुलानं स्वतः अर्ज लिहिला तर?

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाची सही पुरते. डायरीच्या सुरुवातीच्या पानावर तुमच्या सहीचा नमुना घेतलेला असतो, तशीच सही करा. दादानं, काकानं किंवा शिकवणीच्या ताईनं केलेली सही शाळा मानत नाही. आठवी-नववीतल्या मुलांनी अर्ज स्वतःच्या हातानं लिहिणं मला आवडतं, कारण अभ्यासक्रमात पत्रलेखन आहेच. तरी खाली ‘पालकांची सही’ हवीच, नाहीतर तो अर्ज धरला जात नाही.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं तर चालेल?

ग्रुपवर नको. तिथे पन्नास पालकांचे संदेश असतात. बाईंच्या नजरेतून तुमचा संदेश निसटला तर "मी तर कळवलं होतं" आणि "मला दिसलं नाही" हा वाद सुरू होतो. शिवाय कुटुंब चार दिवस घरी नाही, ही बातमी सगळ्या ग्रुपला द्यायची काय गरज?

शाळेचं ॲप असेल आणि त्यात रजेचा अर्ज भरायची सोय असेल, तर तो अधिकृत मार्ग. ईमेल चालत असेल तर सही केलेल्या अर्जाचा फोटो जोडून पाठवा. यांपैकी काही नसेल तर कागदच द्या, आणि दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाकडून ‘पोच’ घ्या, म्हणजे तारीख, सही आणि शिक्का. कागद मुलाच्या दप्तरातून पाठवणार असाल तर संध्याकाळी दप्तर उघडून बघा. गणिताच्या वहीत घडी घालून ठेवलेला अर्ज तिथेच राहिल्याचं अनेकदा दिसतं.

रजा मंजूर झाली म्हणजे त्या दिवसांची हजेरी लागते ना?

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

मंजूर रजेचा अर्थ एवढाच की मूल कुठे आहे आणि का आलं नाही, हे शाळेला माहीत आहे आणि शाळेची त्याला हरकत नाही. त्या दिवशी मूल वर्गात नव्हतं, ही गोष्ट त्यानं बदलत नाही. प्रगतिपत्रकावर महिन्यांचा तक्ता असतो, त्यात कामाचे दिवस आणि उपस्थित दिवस असे दोन आकडे असतात. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या फेब्रुवारीच्या रकान्यात उपस्थित दिवस तीननं कमी दिसतील. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस त्या वर्षी मिळणार नाही. मुलीचा त्यावर जीव असेल तर तिला निघण्यापूर्वीच सांगा. मार्चमध्ये बक्षीस समारंभात कळलं तर फार वाईट वाटतं.

मग अर्जाचा उपयोग काय? उपयोग असा की बिनाअर्ज गैरहजर राहिलेल्या मुलाबद्दल शाळेला चौकशी करावी लागते, आणि तीन दिवसांच्या आत एखादी चाचणी झाली तर ती पुन्हा घ्यायची की नाही हे ठरवताना वर्गशिक्षक हाच कागद बघतात.

प्राथमिक आणि उच्च प्राथमिक वर्गांत तीन दिवसांनी फारसं बिघडत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला किमान २२० कामाचे दिवस धरलेले आहेत, त्यांतले तीन. दहावी-बारावीला मात्र परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असते. आजारपणानं आधीच दिवस बुडाले असतील तर लग्नाच्या रजेपूर्वी वर्गशिक्षकांकडून आतापर्यंतची टक्केवारी विचारून घ्या.

रजेच्या दिवशीच चाचणी किंवा परीक्षा आली तर?

कोणती परीक्षा, यावर सगळं अवलंबून. राज्य मंडळाच्या शाळांत आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित असं दोन प्रकारचं मूल्यमापन चालतं. तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, उपक्रम, छोटी चाचणी हे आकारिकमध्ये येतं. यांतलं एखादं चुकलं तर शिक्षक नंतर एखाद्या मोकळ्या तासाला घेऊ शकतात, आणि आधी सांगितलेलं असेल तर बहुतेक जण घेतातच. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. तिच्या काळात रजा मागूच नये. ती एका मुलासाठी पुन्हा घेणं शाळेला फार अवघड जातं.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी अधिक सांभाळून राहावं. महाराष्ट्रात या दोन इयत्तांना आता वार्षिक परीक्षा आहे. ती उत्तीर्ण व्हावी लागते आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा द्यावी लागते. शिवाय शिष्यवृत्ती परीक्षा असते, २०२५-२६ पर्यंत याच इयत्तांना आणि त्यापुढे चौथी-सातवीला, तीही बहुधा रविवारी. रविवार म्हणून पालक ती गृहीत धरत नाहीत आणि नेमका तोच दिवस लग्नघरात जातो. प्रवेशपत्रावरची तारीख बघून मगच गाडी ठरवा.

दहावीला जानेवारी-फेब्रुवारीत विज्ञानाची प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षा असतात. त्या काळात मामाच्या लग्नालाही मुलानं फक्त लग्नाच्या दिवशी जाऊन यावं, किंवा जाऊ नये. हे घरच्यांना कडू वाटेल, पण ते गुण थेट बोर्डाच्या निकालात मोजले जातात.

मुख्याध्यापकांनी रजा नाकारली तर?

कारण विचारा. नकार बहुधा सगळ्या दिवसांना नसतो, एखाद्या दिवसाला असतो. समजा आपल्या उदाहरणात बाई म्हणाल्या, "शुक्रवार-शनिवार ठीक आहे, पण सोमवारी विज्ञानाची चाचणी आहे, त्या दिवशी मुलगी हवी." आता तीन वाटा आहेत.

पहिली, रविवारी सकाळच्या गाडीनं किंवा शनिवारी रात्री निघणं. शनिवारी दुपारी सत्यनारायणाची पूजा आटोपते, आरती-प्रसाद झाला की संध्याकाळी निघता येतं आणि रविवार घरी विश्रांतीला मिळतो. दुसरी, आईनं माहेरी थांबणं आणि वडिलांनी मुलीला घेऊन आधी परतणं. तिसरी, चाचणी मंगळवारी देता येईल का, असं विचारणं. ती बाईंच्या हातातली गोष्ट आहे, आग्रह धरता येत नाही. मला विचाराल तर पहिली वाट सोपी. त्यात सगळे एकत्र परततात आणि लग्नातलं काही चुकत नाही.

जे काही ठरेल त्याप्रमाणे नवा अर्ज द्या: ‘दि. २ फेब्रुवारीच्या अर्जात बदल करून आता शुक्रवार दि. २० आणि शनिवार दि. २१ या दोनच दिवसांची रजा मिळावी.’ जुन्या अर्जावर खाडाखोड करू नका.

नकार असूनही मुलाला नेलं तर शाळा त्याला बिनाअर्ज गैरहजर धरेल आणि तुम्हाला भेटायला बोलावेल. त्या दोन दिवसांपुरतं ते निभावतं, पण पुढच्या वेळी खरोखर अडचण आली की तुमच्या शब्दाला वजन उरत नाही.

लग्न अचानक ठरलं, आठवडाच हातात आहे. काय करू?

अर्ज त्याच दिवशी लिहा आणि स्वतः जाऊन द्या. ‘विवाह दि. अमुक रोजी निश्चित झाल्याने अर्ज उशिरा देत आहे’ एवढी एक ओळ जोडा.

अर्ज न देताच जावं लागलं, तर परतल्यावर रजा मागायची नसते, खुलासा द्यायचा असतो. विषय लिहा ‘गैरहजेरीबाबत खुलासा’, आणि मजकुरात शेवटी ‘तरी या तीन दिवसांची गैरहजेरी क्षमापित करावी, ही विनंती’. झालेल्या दिवसांसाठी ‘रजा मंजूर करावी’ लिहिलेला अर्ज बऱ्याचदा परत येतो.

नातेवाइकांनी थांबवून घेतलं किंवा परतीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं, तर?

ज्या दिवशी मूल हजर होणार म्हणून लिहिलं आहे, त्या दिवशी शाळा भरण्याआधी वर्गशिक्षकांना फोन किंवा स्वतंत्र संदेश करा. कारण आणि नवी तारीख सांगा. परतल्यावर वाढलेल्या दिवसांचा वेगळा अर्ज द्या. वेटिंगचं तिकीट असेल तर हे आधीच गृहीत धरा, आणि शक्य असेल तर परतीच्या बसचं तिकीट हाताशी ठेवा. लगीनसराईत रविवार रात्रीच्या गाड्यांचं वेटिंग सुटेल, या भरवशावर राहू नये.

दोन मुलं एकाच शाळेत आहेत. एकच अर्ज चालेल?

प्रत्येक मुलाचा वेगळा अर्ज द्या. मुख्याध्यापक एकच असले तरी वर्ग वेगळे, हजेरीपट वेगळे, फाइली वेगळ्या. मजकूर तोच राहू द्या, फक्त इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक बदला. अर्जात ‘तिचा भाऊ इयत्ता २ री अ मध्ये असून त्याचा अर्ज वेगळा दिला आहे’ असं लिहिलं तर दोन्ही कागदांवर एकच निर्णय होतो. व्हॅनच्या काकांनाही दोघांचे दिवस सांगा, नाहीतर ते शुक्रवारी सकाळी बंद दारासमोर हॉर्न वाजवत थांबतील.

बुडालेला अभ्यास आधीच मागून घ्यावा का?

"तीन दिवसांचा सगळा गृहपाठ आधीच द्या" असं म्हणू नका. पुढच्या आठवड्यात वर्ग कुठवर पोहोचेल हे शिक्षकांना नेमकं ठाऊक नसतं. त्यापेक्षा बुधवारी एवढंच विचारा की गणितात कोणता घटक सुरू होणार आहे. भाषा आणि इतिहास-भूगोल मागून वाचून होतात. गणितात नवा घटक चुकला तर पुढचे सगळे तास अवघड जातात. विज्ञानाचा एखादा प्रयोग वर्गात झाला असेल तर तो वहीवरून समजत नाही, बाईंना मधल्या सुट्टीत विचारावा लागतो.

वर्गातल्या ज्या मुलीच्या वह्या पूर्ण असतात, तिच्या आईला आधीच सांगून ठेवा. रोज फोटो मागवून लग्नघरात अभ्यासाला बसवण्याचा अट्टाहास नको, तो पार पडत नाही. सोमवारी दुपारी, झोप झाल्यावर, तीन दिवसांचे फोटो एकदम मागवा. त्या दिवशी फक्त गणित उतरवून समजून घ्यायचं, म्हणजे मंगळवारच्या तासाला मुलगी वर्गाबरोबर असते. बाकीचे विषय शुक्रवारपर्यंत रोज एक. अर्जात १ मार्च ही तारीख त्याच हिशेबानं घातली आहे: शनिवार-रविवार शिल्लक राहतात, काही राहिलं तर तेव्हा भरून निघतं, आणि सोमवारी २ मार्चला पूर्ण झालेल्या वह्या तपासायला देता येतात.